नोटा छापल्या की सोनं चढतं? डिचोलीच्या बाजारात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढून आता मी गोव्यातल्या डिचोलीत घरी बसलो आहे. चवथीच्या आधी सोन्याचा विषय निघाला की शेजारीपाजारी मला गाठतात, आणि मुंबई-पुण्याहून आलेले भाचे-पुतणे मोबाइलवर कुठलातरी आलेख पुढे करून विचारतात, ‘काका, हे खरं का?’ तो आलेख बहुतेक वेळा एकच असतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडचा, फुगत गेलेला ताळेबंद आणि त्याच्या शेजारी चढत गेलेलं सोनं. दोन रेघा एकत्र चढताना दिसल्या की माणसाला सगळं कळल्यासारखं वाटतं. खालची बरीचशी उत्तरं २०१३ सालाभोवती फिरतात, कारण त्या वर्षी या दोन रेघा एकमेकींना पाठ दाखवून गेल्या.

क्यूई म्हणजे नोटा छापणंच ना?

नाही, छापखाना यात कुठेच येत नाही. परिमाणात्मक सुलभीकरण असं भारदस्त नाव असलं तरी व्यवहार साधा आहे. फेड बाजारातून सरकारी रोखे आणि गृहकर्जांवर आधारलेले रोखे विकत घेते. पैसे देताना विकणाऱ्याच्या बँकेचं फेडकडे जे खातं असतं त्यात तेवढी रक्कम जमा करते. फेडच्या ताळेबंदात एका बाजूला रोखे वाढतात, दुसऱ्या बाजूला बँकांच्या ठेवी वाढतात, आणि ताळेबंद मोठा झाला असं आपण म्हणतो.

या ठेवी बँकांच्या आपसातल्या. त्या घेऊन कोणी बाजारात भाजी आणायला जात नाही. म्हणूनच २००८ नंतर ‘आता महागाई आकाशाला भिडणार’ असं म्हणणाऱ्यांचा अंदाज अमेरिकेत पुढची दहा-बारा वर्षं चुकत राहिला.

मग सोन्याचा संबंध कुठून आला?

व्याजातून. फेडसारखं मोठं गिऱ्हाईक रोखे उचलू लागलं की रोख्यांचा भाव चढतो आणि त्यांच्यावर मिळणारा परतावा उतरतो. सोनं तर व्याज देतच नाही. त्यामुळे सोनं धरून बसण्याची किंमत म्हणजे दुसरीकडे बुडालेलं व्याज. त्या व्याजातून महागाई वजा केली की जे उरतं त्याला खरा व्याजदर म्हणू.

२०१२ च्या अखेरीस अमेरिकी सरकारचा दहा वर्षांचा रोखा साधारण पावणेदोन टक्के देत होता आणि बाजाराला पुढची महागाई अडीच टक्क्यांच्या आसपास दिसत होती. म्हणजे सरकारला पैसे उसने देणारा दर वर्षी पाऊण टक्का गमावत होता. अशा वेळी ‘सोनं काही देत नाही’ या तक्रारीत दम राहत नाही, कारण काही न देणारी वस्तू उणे देणाऱ्या वस्तूपेक्षा बरी. उलट खरा व्याजदर वर आला की तीच तक्रार खरी होते आणि मोठे गुंतवणूकदार सोनं सोडायला लागतात.

म्हणून मी ताळेबंदाच्या आकड्याला फार महत्त्व देत नाही. तो आकडा खऱ्या व्याजदराला कुठे ढकलतो आहे आणि पुढे कुठे ढकलेल असं लोकांना वाटतं, एवढंच मी पाहतो.

२००८ ते २०११ मध्ये सोनं चढलं ते क्यूईमुळेच की नाही?

बरंचसं हो, पण बारकाईने पाहिलं तर वेळ जुळत नाही, आणि त्या न जुळण्यातच खरी गोम आहे.

२००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली. पुढच्या दोन महिन्यांत फेडचा ताळेबंद सुमारे ९० हजार कोटी डॉलरवरून दोन लाख कोटींच्या वर गेला. आलेखातली ती सगळ्यात उभी चढण. त्याच काळात सोनं मात्र पडलं, ऑक्टोबरच्या शेवटी औंसाला सातशे डॉलरच्या आसपास आलं. कारण ती वाढ रोखेखरेदीची नव्हती. अडचणीतल्या बँकांना आणि परदेशी मध्यवर्ती बँकांना दिलेल्या तातडीच्या उसनवारीची होती. ज्यांना रोकड हवी होती ते हाती लागेल ते विकत होते, सोनंसुद्धा. रोखेखरेदीची पहिली घोषणा २५ नोव्हेंबर २००८ ला झाली. १८ मार्च २००९ ला फेडने सरकारी रोखेही घेणार असं सांगितलं आणि त्याच दिवशी सोन्याने पन्नासेक डॉलरची उडी घेतली.

दुसरी फेरी नोव्हेंबर २०१० ची, ६० हजार कोटी डॉलरची. पण फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी ऑगस्टच्या शेवटीच, जॅक्सन होल इथल्या मध्यवर्ती बँकांच्या वार्षिक परिषदेतल्या भाषणात, तिची चाहूल दिली होती. सोनं भाषणापासूनच चढू लागलं आणि घोषणेपर्यंत शंभरेक डॉलर वर गेलंही होतं. ही खरेदी जून २०११ मध्ये संपली. त्यानंतर ताळेबंद जागच्या जागी होता, आणि तरी सोनं जुलैतल्या पंधराशेवरून सप्टेंबरच्या सुरुवातीला एकोणीसशेपर्यंत गेलं. मधल्या काळात युरोपच्या कर्जाचं संकट चिघळलं होतं, अमेरिकेचं पतमानांकन उतरलं होतं, आणि ९ ऑगस्टला फेडने सांगितलं होतं की २०१३ च्या मध्यापर्यंत व्याजदर तळालाच राहतील. एकही जास्तीचा रोखा न घेता केवळ त्या शब्दाने खरा व्याजदर खाली गेला.

ताळेबंद दुप्पट झाला तर सोनंही दुप्पट व्हायला नको का?

ऑगस्ट २००८ ते २०१४ ची अखेर. ताळेबंद पाच पट, सोनं साधारण दीड पट. हिशेब तिथेच संपतो.

२०१३ मध्ये नेमकं काय घडलं?

तिसरी फेरी सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झाली आणि डिसेंबरात वाढवली गेली. दर महिन्याला ८,५०० कोटी डॉलरचे रोखे, मुदत न ठरवता. एवढी मोठी, उघड्या तोंडाची खरेदी फेडने आधी केली नव्हती. २०१३ या एका वर्षात ताळेबंद साधारण २.९ लाख कोटींवरून चार लाख कोटी डॉलरवर गेला. आणि त्याच वर्षात सोनं सुमारे २८ टक्के पडलं.

पडायला सुरुवात कुठून झाली? घोषणा झाल्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये सोनं जवळपास १,७९० डॉलरला टेकलं आणि तिथेच दमलं. सगळ्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. खरा दणका एप्रिलमध्ये बसला. १० एप्रिलला फेडच्या बैठकीचं इतिवृत्त बाहेर आलं आणि त्यात काही सदस्य वर्ष संपायच्या आत खरेदी थांबवण्याच्या मताचे असल्याचं दिसलं. त्याच सुमाराला सायप्रस आपलं सोनं विकणार अशी बातमी फुटली. सायप्रसकडे होतं तरी किती! पण कर्जात बुडालेले युरोपातले मोठे देशही त्याच वाटेने गेले तर, या धास्तीने काम केलं. शुक्रवारी १२ तारखेला भाव १,५२५ च्या आसपासच्या पातळीखाली घसरला. तिथे हजारोंचे ‘इतक्याला आपोआप विका’ असे आदेश लावलेले होते. ते एकामागून एक सुटले आणि सोमवारी १५ तारखेला एका दिवसात नऊ टक्के गेले. दोन दिवसांत औंसामागे जवळजवळ दोनशे डॉलर.

मग २२ मे. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बर्नान्के म्हणाले की पुढच्या काही बैठकांत खरेदीचा वेग कमी होऊ शकतो. १९ जूनला त्यांनी ते अधिक स्पष्ट केलं. जूनच्या अखेरीस सोनं बाराशेच्या खाली जाऊन आलं. लक्षात घ्या, या सगळ्या महिन्यांत खरेदी एका डॉलरनेही कमी झालेली नव्हती. कपातीची घोषणा झाली १८ डिसेंबरला! मधल्या काळात बदलला तो खरा व्याजदर. मेच्या सुरुवातीला तो शून्याच्या अर्धा टक्का खाली होता, सप्टेंबरच्या सुरुवातीला शून्याच्या जवळपास एक टक्का वर.

उलटा पुरावाही त्याच वर्षी मिळाला. १८ सप्टेंबरला सगळे कपातीची वाट पाहत होते आणि फेडने ‘आत्ता नाही’ म्हटलं. ताळेबंद आदल्या दिवशी जेवढ्याने वाढत होता तेवढ्यानेच वाढत राहिला, पण सोनं त्या दिवशी पन्नास डॉलरहून जास्त चढलं.

पण काका, त्या वर्षी चवथीला आमच्याकडे तर भाव डोक्यावर होता!

होता ना. हा प्रश्न मला डिचोलीतल्या एका वहिनींनी विचारला होता आणि त्यासाठीच हे पान लिहायला घेतलं म्हणा. २०१३ ची चवथ ९ सप्टेंबरला होती, आणि तिच्या बारा दिवस आधी, २८ ऑगस्टला, भारतातल्या सोन्याने तोवरचा उच्चांक गाठला. जगात सोनं पडलेलं आणि आपल्याकडे उच्चांक, हे कसं?

आपला भाव तीन गोष्टींच्या गुणाकाराने बनतो:

```
१० ग्रॅमचा भाव = (औंसाचा डॉलर भाव ÷ ३१.१०३५) × १० × डॉलरचा रुपयातला दर × (१ + आयात शुल्क)
```

आता आकडे घालू. सगळे साधारण आहेत आणि सोनं शुद्ध धरलं आहे.

११ एप्रिल, पडझडीच्या आदल्या दिवशी: औंस १,५६० डॉलर, डॉलर ५४.५० रुपये, शुल्क ६ टक्के. उत्तर येतं सुमारे २९,००० रुपये.

१६ एप्रिल: औंस १,३८० डॉलर, डॉलर ५४.३०, शुल्क तेच. सुमारे २५,५००. या आठवड्यात सराफांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती.

जूनची अखेर: औंस १,२००, डॉलर ५९.५०, शुल्क ८ टक्के. सुमारे २४,८००. इथे थांबून बघा. डॉलरमध्ये एप्रिलच्या तळापेक्षाही १३ टक्के स्वस्ताई झाली, आपल्याला मिळाली ती जेमतेम तीन टक्के.

२८ ऑगस्ट: औंस १,४१५, डॉलर ६८.५०, शुल्क १० टक्के. सुमारे ३४,३००. दुकानातला भाव याहून थोडा वर होता, कारण आयातीवर बंधनं आल्यामुळे मालच कमी होता आणि त्याचे वेगळे पैसे पडत होते.

एप्रिलमधला रुपया आणि एप्रिलमधलं शुल्क तसंच राहिलं असतं तर २८ ऑगस्टला दहा ग्रॅमला सुमारे २६,३०० पडले असते. म्हणजे आठ हजार रुपये जादा गेले. त्यातले सुमारे ६,७५० रुपये रुपया घसरल्याचे आणि १,२५० शुल्क वाढल्याचे.

गंमत अशी की या घसरणीचं मूळही तेच होतं. अमेरिकेत व्याज वाढणार म्हटल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी भारतातले रोखे विकून डॉलर घरी न्यायला सुरुवात केली. आपली चालू खात्यावरची तूट २०१२-१३ मध्ये जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती, तिच्यात सोन्याच्या आयातीचा मोठा वाटा होता, त्यामुळे रुपयाला कुणी वाली राहिला नाही. एप्रिलमध्ये स्वस्त म्हणून लोकांनी सोनं उचललं, आयात फुगली, सरकारने शुल्क जूनमध्ये आठ आणि ऑगस्टमध्ये दहा टक्के केलं. ज्या धास्तीने डॉलरमधलं सोनं पाडलं तिनेच रुपयातलं चढवलं. अमेरिकेचा आलेख बघून डिचोलीत सोनं घ्यायचं ठरवणाऱ्याच्या हातून ही मधली पायरी सुटते.

माझ्याही सुटली होती, तीही चलनाच्या टेबलावर बसत असताना. जूनमध्ये मुलीच्या लग्नाच्या पाटल्या करायच्या होत्या. मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, फेडची खरेदीतली कपात अजून व्हायचीच आहे, सोनं वीस हजारांवर येणार, थांबा. ऑगस्टच्या शेवटी गुपचूप जाऊन केल्या. आमची सोनार शेट मंडळी सज्जन, काही बोलली नाहीत. घरच्यांनी तेवढा सज्जनपणा दाखवला नाही.

त्या वर्षी तारणातलं सोनं अडकलेल्यांचं काय झालं?

हा प्रश्न डिचोली-सत्तरीतच विचारला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते भरायला घरातलं सोनं गहाण पडलं. तेव्हा सोनं तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बिगरबँक वित्त कंपन्यांना किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. समजा २८,००० च्या सोन्यावर १६,८०० मिळाले. जूनच्या अखेरीपर्यंतच्या नऊ महिन्यांत वर्षाला २४ टक्के दराने व्याज चढून देणं १९,८०० च्या पुढे गेलं, आणि तेव्हा त्याच सोन्याचे २४,८०० येत होते. साठ टक्क्यांचं कर्ज असं ऐंशी टक्क्यांवर जातं. ज्यांनी कसंबसं व्याज भरून ऑगस्टपर्यंत तग धरला त्यांचं सोनं पुन्हा सुरक्षित अंतरावर आलं. ज्यांचं आधीच लिलावात गेलं त्यांना ऑगस्टचा भाव ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको.

२०२० मध्ये तर ताळेबंद आणि सोनं एकत्रच चढले की!

चढले, पाच महिने. मार्च २०२० मध्ये आधी २००८ सारखीच रोकडीसाठी धावाधाव झाली आणि सोनं १,४७० पर्यंत पडलं. २३ मार्चला फेडने ‘लागेल तेवढी’ खरेदी जाहीर केली. ताळेबंद ४.२ लाख कोटींवरून जूनपर्यंत सात लाख कोटींच्या वर गेला, खरा व्याजदर ऑगस्टपर्यंत उणे एक टक्क्यावर आला आणि सोनं २,०७० च्या आसपास गेलं.

पुढचं मात्र आलेख दाखवणारे दाखवत नाहीत. ताळेबंद तिथून एप्रिल २०२२ पर्यंत जवळपास नऊ लाख कोटी झाला. आणखी दोन लाख कोटी डॉलर! सोनं त्या काळात १,७०० आणि २,०५० च्या मध्ये घुटमळत राहिलं, कारण खरा व्याजदर उणे एकच्या खाली फारसा जाईना.

मग २०२२ नंतर ताळेबंद घटत असताना सोनं कसं चढलं?

इथे माझी व्याजाची फूटपट्टीही मोडली, हे कबूल करतो. जून २०२२ पासून फेडने ताळेबंद आटवायला घेतला, २०२५ पर्यंत तो सात लाख कोटींच्या खाली आला. खरा व्याजदर ऑक्टोबर २०२३ मध्ये अडीच टक्क्यांच्या जवळ गेला. जुन्या हिशेबाने सोनं हजार-बाराशेवर यायला हवं होतं. तेव्हाही ते अठराशेच्या वरच राहिलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चार हजारांच्या पुढे गेलं.

मोठं कारण असं की गिऱ्हाईक बदललं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पाश्चात्य देशांनी रशियाची सुमारे ३० हजार कोटी डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या चलनात, दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेला पैसा एका सकाळी हाताबाहेर जाऊ शकतो हे बाकीच्यांनी पाहिलं. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकड्यांनुसार २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जगातल्या मध्यवर्ती बँकांनी मिळून हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. खाणींतून वर्षाला साधारण ३,६०० टन निघतं, त्यावरून अंदाज येईल. हे खरेदीदार व्याज बुडालं म्हणून हळहळत नाहीत. आपली रिझर्व्ह बँकही त्यात आहे. तिने तर २००९ मध्येच नाणेनिधीकडून २०० टन एकदम घेतलं होतं, औंसाला १,०४५ डॉलरच्या आसपास.

मध्यवर्ती बँकांचे ताळेबंद आणि सोनं यांचं नातं तुटलं नाही, पण आता ते ताळेबंद किती मोठा यापेक्षा त्यात काय ठेवलं आहे यावर जास्त अवलंबून आहे.

जपानचं काय? त्यांनी तर सगळ्यात आधी केलं ना?

हो, मार्च २००१ मध्ये. पण सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो, त्यामुळे जपानच्या खरेदीचा सोन्यावर दिसला तो परिणाम मुख्यतः येन घसरला तेव्हा, येनमधल्या भावात. आपल्या रुपयासारखीच गोष्ट.

हे आकडे मला स्वतःला कुठे बघता येतील?

अमेरिकेतल्या सेंट लुई फेडच्या FRED या संकेतस्थळावर, फुकट. शोधखिडकीत WALCL टाका, फेडचा ताळेबंद येईल. आकडा दशलक्ष डॉलरमध्ये असतो, शून्यं मोजताना गफलत होते. तो बुधवारचा असतो आणि गुरुवारी जाहीर होतो, आपल्याकडे तोवर शुक्रवारची पहाट झालेली असते. DFII10 टाकलंत तर दहा वर्षांचा खरा व्याजदर येईल. तो रोजचा असतो, आणि मी पहिल्यांदा तोच उघडतो. त्यानंतर डॉलरचा दर. आयात शुल्क मात्र कुठल्याच आलेखात दिसत नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा फेडने काहीही केलेलं नव्हतं, आणि आदल्याच दिवशी पाटल्या करून आलेली एक शेजारीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू ते भाषण मीच केलं होतं.